दोन दिवसांचे आभार

नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी जो निरोपाचा मेल जातो, त्यात एचआरच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते. ‘एचआर टीमचे सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ ही ओळ खोटी नसते, पण तिच्यात काही नसतंही. कोणी काय केलं, हे तिच्यातून कळत नाही, कारण बहुधा ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. कागद अडले की प्रत्येक कागदाचं नाव, तो कोणाच्या टेबलावर पडलाय, कुणाची सही राहिलीय, सगळं तोंडपाठ होतं. न अडता झाले की ते आपोआपच झाले असं वाटतं. आपोआप तर काहीच होत नाही. एक्झिटच्या फाइलमध्ये तर नाहीच नाही.

एचआर एक्झिक्युटिव्ह हे पद मोठं नव्हे. पगार किती द्यायचा, नोटीस माफ करायची की नाही, पुन्हा नोकरीवर घ्यायला लायक असा शेरा मारायचा की नाही, यातलं काहीही त्या व्यक्तीच्या हातात नसतं. हातात असतो तो पाठपुरावा आणि तारखा. म्हणून आभार मानायचे तर ते तारखेचे मानावेत, असं माझं मत आहे. चांगल्या एक्झिटमागे नीट ठरवलेली एक तारीख असते आणि ती ठरवायला कोणीतरी डोकं चालवलेलं असतं. ते डोकं नेमकं कुठे चालतं, हे एका उदाहरणातून दिसेल. उदाहरण मुद्दाम साधं घेतलंय: भांडण नाही, वाद नाही, कोणी कोणाला अडवलेलं नाही.

समजा, एका कर्मचाऱ्याने ३ मार्च २०२६ रोजी राजीनाम्याचा मेल पाठवला. नेमणूक पत्रात साठ दिवसांची नोटीस लिहिलेली आहे. आता शेवटचा दिवस कोणता? मेलचा दिवस धरून मोजलं तर १ मे. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर मार्चचे अठ्ठावीस, एप्रिलचे तीस आणि मेचे दोन, म्हणजे २ मे. पत्रात ‘साठ दिवस’ऐवजी ‘दोन महिने’ असतं तर हिशेब आणखी वेगळा झाला असता. या कंपनीत मोजणी दुसऱ्या दिवसापासून होते, म्हणून तारीख येते २ मे. कॅलेंडर बघितलं तर १ मे शुक्रवार, सार्वजनिक सुट्टी. २ मे शनिवार, ऑफिस बंद. ३ तारखेला रविवार. नव्या ठिकाणी रुजू व्हायचंय सोमवारी, ४ मेला.

अशा वेळी साहेब सहज म्हणून जातात, “अरे, कशाला दोन दिवस लांबवायचं? ३० एप्रिल कर ना शेवटचा दिवस.” कर्मचाऱ्यालाही ते पटतं. महिनाअखेर, स्वच्छ हिशेब, लॅपटॉप त्याच दिवशी जमा. दोन दिवसांची नोटीस माफ होतेय म्हटल्यावर उलट उपकारच वाटतात. दहापैकी नऊ ठिकाणी एचआरही ‘ठीक आहे’ म्हणून तारीख टाकून मोकळं होईल, आणि दहापैकी आठ वेळा त्यात काही बिघडणारही नाही.

या उदाहरणात मात्र बिघडतं. कर्मचारी रुजू झाला होता १ नोव्हेंबर २०१९ला. ३० एप्रिल २०२६पर्यंत त्याची सेवा होते बरोबर सहा वर्षं सहा महिने. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. आणि ग्रॅच्युइटीचा नियम असा आहे की पूर्ण वर्षांच्या वर उरलेला काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तरच ते पूर्ण वर्ष धरायचं. जास्त असेल तर. बरोबर सहा महिने म्हणजे जास्त नव्हे. १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात हीच भाषा होती आणि त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच आहे.

आता आकडे मांडू. मूळ वेतन ४०,००० रुपये, एकूण पगार ७५,०००. ग्रॅच्युइटीसाठी शेवटच्या मूळ वेतनाला २६ने भागून १५ने गुणायचं, म्हणजे एका वर्षामागे २३,०७७ रुपये. सहा वर्षांचे होतात १,३८,४६२. सात वर्षांचे १,६१,५३८. सेवा ३० एप्रिलला संपली तर सहा वर्षं धरली जातात. २ मेला संपली तर सहा वर्षं, सहा महिने आणि दोन दिवस होतात, आणि वर्षं धरली जातात सात. सुट्टीचा शुक्रवार आणि बंद ऑफिसचा शनिवार, एवढ्या दोन दिवसांची किंमत तेवीस हजार रुपये. ज्याने ‘स्वच्छ महिनाअखेर’ म्हणून ३० एप्रिल हसत स्वीकारली, त्याला हे कधी कळणारही नाही. हिशेबाच्या कागदावर ‘सेवा: ६ वर्षे’ असं छापून येईल, ते बरोबरच असेल, आणि तो सही करेल.

आभार मानायची जागा ही. फाइल उघडून एचआर मॅडमनी रुजू झाल्याची तारीख बघितली, बोटांवर मोजलं आणि साहेबांना दोन ओळींचा मेल टाकला: नोटीस नियमाप्रमाणे २ मेला संपते, तीच तारीख ठेवते. लॅपटॉप आणि ओळखपत्र ३० एप्रिललाच जमा करून घेते. बस. यात सवलत नाही, मेहेरबानी नाही, तारखेची खेचाखेचही नाही. नेमणूक पत्रात जे लिहिलंय तेच पाळलं. फक्त ‘सोयीचं’ म्हणून ते मोडू दिलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. २ मे ही तारीख चांगली आणि ३० एप्रिल वाईट, असा नियम काढू नये. हाच माणूस जानेवारीच्या मध्यावर रुजू झाला असता तर त्या दोन दिवसांनी ग्रॅच्युइटीत एका रुपयाचाही फरक पडला नसता. मग ३० एप्रिलच बरी होती, कारण पुढच्या महिन्यात दोन दिवस सांडले की पुढे पीएफच्या कामात थोडी गुंतागुंत येते. ती पुढे बघू. मुद्दा एवढाच की मॅडमनी ठरलेलं उत्तर दिलं नाही. फाइलमधली पहिली तारीख बघून शेवटची ठरवली. हे काम करायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं घालवायची आहेत हे सुचावं लागतं.

तारीख ठरली की खरा पसारा सुरू होतो, कारण ती एका जागी लिहून भागत नाही. राजीनामा स्वीकारल्याच्या पत्रात ती येते. पगाराच्या हिशेबात येते. फुल अँड फायनलच्या तक्त्यात, रिलीव्हिंग लेटरमध्ये, अनुभवाच्या प्रमाणपत्रात, ग्रॅच्युइटीच्या अर्जात, विमा कंपनीला पाठवायच्या यादीत आणि पीएफच्या पोर्टलवर. आठ जागा, आणि त्या लिहिणारे हात पाच-सहा. पेरोलवाला हजेरीच्या पानावरून तारीख घेतो. त्याला ३० एप्रिलनंतर हजेरी दिसत नाही, तो ३० एप्रिल टाकतो. ज्याने लॅपटॉप जमा करून घेतला त्याच्या फॉर्मवर ३० एप्रिलच असते, आणि रिलीव्हिंग लेटर बनवणारा तो फॉर्म समोर ठेवून पत्र टाइप करतो. कोणाचीच चूक नाही. प्रत्येकाने आपापल्या कागदावरचं खरंच लिहिलंय.

म्हणून जाणकार एचआरवाली मंडळी एक साधी गोष्ट करतात. राजीनामा स्वीकारल्याच्या पत्रात ‘सेवेचा शेवटचा दिवस’ आणि ‘वस्तू जमा करण्याचा दिवस’ अशा दोन वेगळ्या ओळी लिहितात, आणि पुढे प्रत्येक विभागाला तेच पत्र जोडून पाठवतात. तोंडी कोणालाच सांगत नाहीत. तोंडी सांगितलेली तारीख तिसऱ्या माणसापर्यंत जाताना बदललेली असते. तुमच्या फाइलमध्ये अशा दोन ओळी दिसल्या तर समजा, ती फाइल हाताळणारं माणूस पूर्वी कधीतरी या भानगडीत पोळलेलं आहे.

तारखा जुळल्या नाहीत तर कुठे अडतं? पहिलं म्हणजे नव्या कंपनीच्या पडताळणीत. पडताळणी करणारी एजन्सी रिलीव्हिंग लेटरवरची तारीख, जुन्या कंपनीने मेलवर कळवलेली तारीख आणि बऱ्याचदा पीएफच्या सेवा इतिहासातली तारीख शेजारी शेजारी ठेवते. दोन दिवसांचा फरक म्हणजे काही गुन्हा नव्हे, पण अहवालात ‘तफावत’ असा शेरा येतो आणि नव्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात माणसाला खुलासे लिहीत बसावं लागतं. खुलासा द्यायला जुन्या कंपनीचं पत्र लागतं. ते आणायला पुन्हा त्याच मॅडमना फोन. तोवर त्यांच्या टेबलावर दुसऱ्या पंधरा जणांच्या फाइली असतात.

दुसरी जागा पीएफची, आणि ती जास्त चिवट. दोन दिवसांचा मे महिना इथे आडवा येतो. मेच्या दोन दिवसांचं मूळ वेतन होतं २,५८१ रुपये, आणि कंपनी पूर्ण मूळ वेतनावर पीएफ कापत असेल तर १२ टक्क्यांनी कर्मचाऱ्याचा हिस्सा भरतो ३१० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यामुळे मे महिन्याच्या पीएफ विवरणात या माणसाची एक ओळ असायलाच हवी. ते विवरण भरायची मुदत १५ जून. कोणी घाईने ‘तो तर एप्रिललाच गेला’ म्हणून ३० एप्रिल ही एक्झिटची तारीख टाकली आणि मागून मेची वर्गणी भरायला गेलं, तर सेवा संपल्यानंतरची वर्गणी असा विचित्र प्रकार होतो. उलट, तारीख टाकायचीच राहिली तर पोर्टलच्या लेखी माणूस अजून जुन्याच कंपनीत आहे. मग जुन्या खात्यातले पैसे नव्या खात्यात आणायचा अर्ज पुढे सरकत नाही.

तारीख चुकून पुढची पडली, म्हणजे समजा ३१ मे, तर सेवाकाळ एकमेकांवर चढतो. ४ मेपासून माणूस नव्या कंपनीत आणि ३१ मेपर्यंत जुन्याही कंपनीत. महिन्याचा शेवटचा दिवस टाकून द्यायची सवय अनेक ठिकाणी असते, त्यामुळे ही चूक वाटते तितकी दुर्मिळ नाही. पूर्वी अशा प्रकरणात ट्रान्सफरचे अर्ज सरळ परत यायचे. निव्वळ सेवाकाळ चढतो एवढ्याच कारणावरून दावा फेटाळू नये, असं भविष्य निर्वाह निधी संघटनेने २०२५मध्ये आपल्या कार्यालयांना कळवलं, तेव्हा थोडा दिलासा मिळाला. तरी स्पष्टीकरण मागितलं जाऊ शकतं. आणि एकदा चढलेली चुकीची तारीख दुरुस्त करायची तर जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे दुरुस्तीचा अर्ज, करावं लागतं आणि काही प्रकरणांत त्यावर कंपनीची मंजुरीही लागते. तसं झालं तर ज्या ऑफिसातून निघून आलात, त्याच्याच मंजुरीसाठी परत रांगेत.

कंपनीने तारीख टाकलीच नाही तर कर्मचाऱ्याला स्वतःही ती नोंदवता येते. पोर्टलवर लॉगिन करून Manage मेनूतल्या Mark Exit वर जायचं आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. पण त्याला अट आहे. शेवटची वर्गणी जमा झाल्यावर दोन महिने थांबावं लागतं, आणि तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातली द्यावी लागते. आपल्या उदाहरणात मेची वर्गणी जूनमध्ये जमा होणार असेल तर ही वाट पावसाळ्याच्या मध्यावर उघडते. ती आहे हे चांगलंच. पण जिथे मॅडमनी मेचं विवरण भरून झाल्या झाल्या २ मे ही तारीख चढवली, तिथे माणसाला Mark Exit नावाचं काही असतं हेसुद्धा कळत नाही. न कळणं हीच कामाची पावती.

फुल अँड फायनलच्या तक्त्याबद्दल थोडक्यात, कारण त्यात बघण्यासारखी एकच जागा आहे: भागाकार. शिल्लक रजा चौदा दिवस असतील आणि मूळ वेतनाला तीसने भागलं तर रजेचे होतात १८,६६७ रुपये. सव्वीसने भागलं तर २१,५३८. दोन्ही पद्धती चालतात, कंपनीच्या धोरणात जी लिहिली असेल ती खरी. मेच्या दोन दिवसांचा पगार मात्र एकतीसने भागून काढलेला असू शकतो, आणि मग एकाच कागदावर दोन वेगळे भाजक दिसतात आणि माणूस चक्रावतो. तक्त्यात नुसती रक्कम न टाकता शेजारी ‘४०,००० भागिले २६ गुणिले १४’ असं लिहिणारी एचआर एक्झिक्युटिव्ह तुमचे दहा फोन वाचवते, आणि स्वतःचेही. ही गोष्ट आभाराच्या पत्रात नाव घेऊन लिहिण्यासारखी आहे.

मुदतीचंही तसंच. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. तिच्यानुसार राजीनामा दिलेल्या माणसाचं राहिलेलं वेतनसुद्धा दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. पूर्वी पंचेचाळीस दिवस, साठ दिवस असं जे ऐकायला मिळायचं तो बहुतेक कंपन्यांचा रिवाज होता. २ मे शनिवार धरला तर पुढचे दोन कामाचे दिवस म्हणजे सोमवार आणि मंगळवार, ४ आणि ५ मे. ग्रॅच्युइटीचं खातं वेगळं, तिला तीस दिवसांची मुदत असते. दोन दिवसांत वेतन बाहेर पडायचं तर नो ड्यूजचा, म्हणजे कोणत्याच विभागाचं काही येणं बाकी नाही असा, फॉर्म शेवटच्या दिवसाच्या बराच आधी फिरायला लागतो, आणि पाठपुराव्याची खरी मेहनत तिथे असते. आयटीवाला लॅपटॉपसोबत चार्जरही मागतो. अकाउंट्समध्ये आठ महिन्यांपूर्वीच्या दौऱ्याचा अ‍ॅडव्हान्स उघडा पडलेला असतो, कारण बिलं दिली पण कोणी नोंदवली नाहीत. अ‍ॅडमिनला पार्किंगचा टॅग हवा असतो. आणि ज्यांची शेवटची सही लागते ते नेमके रजेवर. हा फॉर्म शेवटच्या दिवशी कर्मचाऱ्याच्या हातात देऊन ‘सगळीकडे फिरून या’ म्हणणारं ऑफिस वेगळं, आणि दोन आठवडे आधी स्वतःच सगळ्यांना मेल टाकून ‘काही बाकी असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा’ म्हणणारं वेगळं.

एक छोटी गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. बहुतेक ठिकाणी कंपनीचा आरोग्य विमा सेवेच्या शेवटच्या दिवशी संपतो. आपल्या उदाहरणात ३ मेचा रविवार उघडा राहतो. एक दिवसाचा प्रश्न म्हणून सोडून द्यावा असं कोणी म्हणेल, पण घरात आई-वडिलांचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ही एक ओळ आधी कळणं फार मोलाचं. चांगली एचआर मंडळी शेवटच्या आठवड्याच्या मेलमध्ये ती ओळ टाकतात. तिचं श्रेय त्यांना कोणी देत नाही.

आता आभाराच्या पत्राकडे वळू. ते कधी लिहावं? शेवटच्या दिवशी लिहिलं तर अर्धीच गोष्ट कळलेली असते. रिलीव्हिंग लेटर हातात आलेलं असतं, पण हिशेब, ग्रॅच्युइटी आणि पीएफची तारीख व्हायची असते. शिवाय त्या दिवशी ऑफिसचा मेल संध्याकाळी बंद होणार असतो, त्यामुळे उत्तर आलं तरी वाचता येत नाही. माझ्या मते पोर्टलवर एक्झिटची तारीख दिसल्यावर, म्हणजे या उदाहरणात जूनच्या उत्तरार्धात, स्वतःच्या खासगी मेलवरून लिहावं. तोपर्यंत तुमच्या कामाचं काही अडकलेलं नसतं. काम अडकलेलं असताना लिहिलेल्या आभारांना नेहमीच थोडा तगाद्याचा वास येतो. पैसे यायचे असताना भेटवस्तू तर पाठवूच नये, घेणाऱ्याची पंचाईत होते.

पत्र त्या व्यक्तीच्या नावाने लिहावं आणि प्रत तिच्या वरिष्ठांना द्यावी. एचआरच्या कामात तक्रारी मोजल्या जातात, सुरळीत झालेली कामं मोजायला कोणाकडे रकानाच नसतो. वरिष्ठांकडे गेलेला एक नेमका मेल वर्षअखेरच्या मूल्यमापनात उपयोगी पडतो. प्रत जाणार असल्यामुळे दोन पथ्यं मात्र पाळावीत. रकमा, पॅन किंवा खात्याचे नंबर लिहू नयेत. आणि ‘तुम्ही माझ्यासाठी तारीख जुळवून दिलीत’ अशी भाषा चुकूनही नको. लिहिणाऱ्याला ते कौतुक वाटतं, वाचणाऱ्या वरिष्ठाला वाटतं की नियम वाकवला. इथे नियम वाकवलेला नाही, पाळलेला आहे, आणि पत्रात तसंच लिहायला हवं.

साधारण असं पत्र पुरेसं होईल:

‘नमस्कार मॅडम,

माझ्या एक्झिटची सगळी कागदपत्रं पूर्ण झाली. पीएफच्या पोर्टलवर २ मे ही तारीख काल दिसली, ग्रॅच्युइटीही मुदतीत मिळाली. नोटीस सुट्ट्यांमध्ये संपत असताना नेमणूक पत्राप्रमाणे जी तारीख येते तीच तुम्ही सुरुवातीलाच लेखी कळवलीत आणि पुढे सगळ्या कागदांवर तीच राहिली. त्यामुळे नव्या ठिकाणच्या पडताळणीत मला एकही खुलासा द्यावा लागला नाही. हिशेबाच्या तक्त्यात प्रत्येक रकमेशेजारी तुम्ही मांडणी लिहिली होती, म्हणून मला काहीच विचारावं लागलं नाही. नो ड्यूजसाठी तुम्ही आधीच सर्व विभागांना लिहिलंत, त्यात माझा एक जुना अ‍ॅडव्हान्स सापडला आणि वेळेत मिटला. या कामासाठी तुमचे आणि पेरोलमधल्या सहकाऱ्यांचे आभार.’

याहून लांब लिहायची गरज नाही. कामं तीन, प्रत्येकाचा परिणाम एक वाक्यात. पेरोलचा उल्लेख मुद्दाम केलाय, कारण पीएफची तारीख बहुतेक ठिकाणी तेच चढवतात आणि मॅडमना त्यांच्याकडून पुढच्या फाइलीही करून घ्यायच्या असतात. एकट्याचंच कौतुक झालं की दुसऱ्या टेबलावर कधी कधी कुरकुर होते. ऑफिस म्हटलं की हे आलंच.

पत्राच्या खाली स्वतःचा खासगी मेल आणि चालू मोबाइल नंबर लिहायला विसरू नये. एप्रिलचा पगार आणि मेचे दोन दिवस नव्या आर्थिक वर्षात येतात, म्हणजे त्यावर कापलेल्या टीडीएसचं प्रमाणपत्र २०२७च्या जूनमध्ये तयार होईल. तोपर्यंत ऑफिसचा मेल बंद होऊन वर्ष उलटलेलं असेल, मॅडमही कदाचित दुसऱ्या कंपनीत असतील, आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाला ते प्रमाणपत्र कुठे पाठवायचं हे या पत्रावरूनच कळेल.